पाचशे मिली म्हणजे नेमकं किती?

चीनच्या झेजियांग प्रांतात जिन्हुआ नावाचा जिल्हा आहे. छोट्यामोठ्या घरगुती मालाच्या घाऊक बाजारासाठी जगभर ओळखलं जाणारं यिवू याच जिल्ह्यात येतं, आणि स्टीलच्या थर्मासांसाठी प्रसिद्ध असलेलं योंगकांगही. योंगकांगमध्ये लोखंडी आणि धातूच्या वस्तूंचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. तुमच्या घरातल्या थर्मासच्या बुडावर 'मेड इन चायना' लिहिलेलं असेल, तर तो याच गावात घडला असण्याची शक्यता बरीच आहे.

या थर्मासला ऑनलाइन बाजारात बहुतेक वेळा दोन पानं मिळतात. एक चिनी ग्राहकासाठी, ताओबाओसारख्या ठिकाणी. दुसरं इंग्रजीतून, अलीएक्स्प्रेस किंवा अ‍ॅमेझॉनवर, जिथे सिंगापूरपासून शिकागोपर्यंतचा ग्राहक येतो. वस्तू एकच असते, पण दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडून ओळीनं वाचली तर पुष्कळदा दोन वेगळ्या बाटल्यांची वर्णनं वाटतात. चिनी पानावर आतलं स्टील ३१६, इंग्रजी पानावर अख्खी बाटली ३१६. चिनी पानावर ५०० मिली, इंग्रजी पानावर शीर्षकात १७ औंस आणि खाली तपशिलात २० औंस. ग्राहक तक्रार करतो तेव्हा विक्रेता भाषांतराला दोष देतो. माझ्या मते ते खरं नाही. चूक भाषांतराच्या आधीच झालेली असते. चिनी मजकूरच कुणी बाटली मोजून लिहिलेला नसतो, आणि न मोजलेला मजकूर दुसऱ्या भाषेत नेला की त्यातले खड्डे रुंदावतात.

एक नमुना घेऊन हे काम कसं करायचं ते पाहू. कारखान्याकडून एक सरळ उभा थर्मास आला आहे. बटण दाबलं की झाकण उघडतं, तोंड लावून पिता येतं, रंग काळा. सोबत कारखान्यानं चिनी शीर्षक पाठवलं आहे:

```
新款316不锈钢保温杯大容量男女士学生高颜值车载便携水杯定制
```

ताओबाओवर शीर्षकाला साठ घरं मिळतात. एक चिनी अक्षर दोन घरं खातं, आकडा किंवा रोमन अक्षर एक. म्हणजे जास्तीत जास्त तीस चिनी अक्षरं. वरच्या शीर्षकानं सत्तावन्न घरं भरली आहेत. चिनी लिपीत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायची पद्धत नाही, त्यामुळे शोधणारा माणूस जे जे टाइप करेल ते सगळं एकापुढे एक चिकटवता येतं: नवीन, ३१६ स्टील, थर्मास, मोठा, पुरुष, बायका, विद्यार्थी, देखणा, गाडीतला, सुटसुटीत, पाण्याचा पेला, मागणीप्रमाणे बनवून मिळेल. चिनी ग्राहकाला अशी माळ वाचायची सवय आहे. त्याची नजर हवे ते दोनतीन शब्द उचलते आणि पुढे जाते.

हेच शीर्षक भाषांतराच्या यंत्रात घातलं की साधारण असं काहीतरी बाहेर पडतं:

```
New 316 Stainless Steel Thermos Cup Large Capacity Men Women
Student High Face Value Car Portable Water Cup Custom
```

'दिसायला देखणा' याचं इथे 'जास्त दर्शनी किंमत' झालं आहे, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला त्याचा काहीच बोध होत नाही. पण ही चूक निदान डोळ्यांत भरते. न दिसणाऱ्या चुका जास्त महागात पडतात. चिनीत थर्मासच्या नावातच पेल्याचा शब्द आहे, म्हणून इंग्रजीत 'कप' आलं. इंग्रजी बोलणारा ग्राहक मात्र कप म्हटल्यावर उघड्या तोंडाचा, कान असलेला पेला डोळ्यांपुढे आणतो. ही वस्तू हवी असेल तर तो 'वॉटर बॉटल' किंवा 'फ्लास्क' शोधतो. म्हणजे हे पान त्याच्यापर्यंत पोचणारच नाही, आणि पोचलं तरी त्याला वेगळीच वस्तू दाखवेल. थर्मास हा आपल्याकडे रुळलेला शब्द असला, तरी मूळचं ते एका कंपनीचं नाव. अमेरिकेत १९६३ साली न्यायालयानं तो शब्द सर्वसाधारण वापराचा झाल्याचं मान्य केलं, पण कंपनी आणि तिचा छाप आजही आहेत. दुसऱ्याच्या मालाच्या शीर्षकात तो शब्द आला तर बाजाराची छाननी अडवू शकते. तेव्हा इंग्रजी शीर्षकात त्याच्या वाटेला न जाणं बरं.

तरीही शीर्षकाकडे लगेच वळायचं नाही. आधी बाटली मोजायची.

मोजण्यासाठी कारखान्याच्या नमुनाखोलीतली बाटली घेऊ नये. ती निवडून, पुसून ठेवलेली असते. तयार मालाच्या तीन वेगवेगळ्या खोक्यांतून एकेक बाटली काढावी. सामान फार लागत नाही. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, मोजपट्टी आणि पाण्यात बुडवता येईल असा तापमापक एवढ्यावर काम भागतं.

पहिला आकडा धारणेचा. झाकण काढून बाटली काट्यावर ठेवायची, काटा शून्यावर आणायचा आणि काठोकाठ पाणी भरायचं. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिली, हे या कामाला पुरेसं अचूक आहे. समजा काटा ५०८ ग्रॅम दाखवतो. आता झाकण लावून बघा. झाकणाचा आतला भाग बाटलीत उतरतो आणि थोडं पाणी बाहेर ढकलतो. पुन्हा वजन केलं तर पाणी ४७० ग्रॅम भरतं. मग ही बाटली किती मिलीची? स्टीलच्या निर्वात बाटल्यांसाठी चीनचं राष्ट्रीय मानक आहे, GB/T 29606. त्यात जाहीर केलेल्या धारणेपासून पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ५०० मिली लिहिलं तर ४७५ ते ५२५. त्या हिशेबानं ५०० लिहिणं योग्यच आहे. पण झाकण लावून प्रत्यक्षात ४७० मिली चहा बसतो ही गोष्ट ग्राहकाच्या कामाची असते. ती एका ओळीत, दोन्ही भाषांत, लिहून टाकावी. ही ओळ लिहायचा कंटाळा केला तर 'लिहिलंय पाचशे आणि मावतं कमी' अशा तक्रारी हमखास येतात.

औंसांचा गोंधळही इथेच सुरू होतो. ५०० मिली म्हणजे १६.९ अमेरिकी द्रव औंस. शीर्षकात सोयीसाठी १७ लिहिलं तरी चालतं, तपशिलात १६.९ हवं. ब्रिटिश द्रव औंस आकारानं थोडा लहान असल्यामुळे तिकडच्या मापानं हीच बाटली १७.६ औंसांची होते. शिवाय वजनाचा औंस वेगळाच. रिकामी बाटली झाकणासकट २८५ ग्रॅम, म्हणजे सुमारे १०.१ औंस. एकाच पानावर १६.९ औंस आणि १०.१ औंस नुसतेच आले तर वाचणारा चक्रावतो. म्हणून धारणेच्या पुढे 'fl oz' आणि वजनाच्या पुढे नुसतं 'oz' काटेकोरपणे लिहावं. वजनातही चिनी पानांवर दोन प्रकार असतात, निव्वळ आणि खोक्यासकट. टपालखर्च खोक्यासकटच्या वजनावर ठरतो, पण हातात धरणाऱ्याला निव्वळ वजन हवं असतं. भाषांतरात दोन्हींचं नुसतं 'वेट' झालं की दोनांतला कुठला आकडा खरा, हे विक्रेत्यालाही सांगता येत नाही.

आता धातूकडे येऊ. यातच सगळ्यात जास्त लबाडी होते आणि यातच सगळ्यात जास्त अजाण चुकाही होतात, म्हणून इथे जरा थांबावं लागेल. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये त्याशिवाय दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खारट आणि आंबट पदार्थांपुढे ते जास्त तग धरतं. २०१ ही स्वस्त जात. तिच्यात महाग निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं आणि ती लवकर गंजते. थर्मासला दोन भिंती असतात, आतली आणि बाहेरची, आणि मधली हवा काढून घेतलेली असते. पेय लागतं ते आतल्या भिंतीला. म्हणून कारखाने आतून ३१६ आणि बाहेरून ३०४ किंवा २०१ वापरतात. त्यात गैर काही नाही. गैर होतं ते 'संपूर्ण ३१६' असं लिहिल्यावर. त्याहून वाईट प्रकारही बाजारात आहे. बाटलीच्या आत बुडाशी '३१६' असा ठसा दिसतो, पण ३१६ असते ती तेवढी तळाची चकती, भिंत ३०४ ची असते.

हे ओळखायचं कसं? घरोघरी सांगितला जाणारा लोहचुंबकाचा उपाय इथे भरवशाचा नाही. ३०४ चा पत्रा मुळात चुंबकाला चिकटत नाही, पण तो ओढून, दाबून बाटलीचा आकार दिला की काही ठिकाणी थोडा चिकटायला लागतो. त्यामुळे चांगली बाटली नापास होते. उलट २०१ देखील फारसं चिकटत नाही, म्हणजे वाईट बाटली पास होते. व्यापारी तपासणीसाठी द्रवाची छोटी बाटली आणि नऊ व्होल्टची बॅटरी वापरतात. एक थेंब टाकून वीज जोडली की मँगनीज जास्त असलेल्या स्टीलवर थेंब लाल होतो. मॉलिब्डेनमसाठी वेगळा द्रव मिळतो. थेंब तळाला लावायचा आणि भिंतीलाही लावायचा, हे महत्त्वाचं. मोठ्या मागणीसाठी मात्र प्रयोगशाळेत बाटली कापून तपासणंच शहाणपणाचं.

लिहिण्याची पद्धत चिनी नियमांनीच सोपी करून ठेवली आहे. अन्नाला लागणाऱ्या धातूच्या वस्तूंसाठी GB 4806.9 हे सक्तीचं मानक आहे आणि त्यानुसार स्टीलची जात वस्तूच्या माहितीत द्यावी लागते. चिनी पद्धतीत ३०४ ला `06Cr19Ni10` आणि ३१६ ला `06Cr17Ni12Mo2` म्हणतात. शेवटचं `Mo2` म्हणजेच ते मॉलिब्डेनम. म्हणून बाटलीच्या लेबलवरचा हा संकेत वाचायचा आणि पानावर प्रत्येक भागापुढे लिहायचा: आतली भिंत, बाहेरची भिंत, झाकण, रबराचं कडं. झाकण बहुधा पॉलिप्रोपिलीनचं असतं आणि कडं सिलिकोनचं. तेही पेयाला लागतात, म्हणून त्यांनाही आपापली ओळ मिळायला हवी. भाग आणि त्याचा पदार्थ अशी जोडी एकदा जुळवली की कुठल्याही भाषेत 'संपूर्ण ३१६' असं निघायला वावच राहत नाही.

इंग्रजी पानावर या ठिकाणी 'एफडीए अप्रूव्ड' लिहिण्याची फार सवय आहे. अमेरिकेचं हे खातं अशा तयार बाटल्यांना मंजुरी देत नाही. अन्नाला लागणारे पदार्थ कुठले चालतील याचे नियम ते ठरवतं, आणि त्या नियमांप्रमाणे चाचणी केल्याचा अहवाल प्रयोगशाळा देते. अहवाल असेल तर 'अमुक नियमाखाली चाचणी झाली' असं लिहावं. अहवाल हातात घेतल्यावर त्यावरच्या नमुन्याचा फोटो आणि मॉडेल क्रमांक आपल्या बाटलीशी ताडून बघावा. दुसऱ्याच मॉडेलचा अहवाल खाली जोडून दिलेली पानं मी बरीच पाहिली आहेत.

उरला तो गरम राहण्याचा दावा. चिनी पानांवर 'चोवीस तास गरम' आणि इंग्रजी पानांवर त्याचंच शब्दशः रूप सर्रास दिसतं. चोवीस तासांनी पाणी चाळीस अंशांवर असेल तर ते गरम म्हणायचं की कोमट? आकड्याशिवाय हा दावा खराही ठरत नाही आणि खोटाही. मानकातली पद्धत साधी आहे आणि ती घरीही जमते. खोली वीस अंशांच्या आसपास, पाच अंश इकडेतिकडे. बाटली उघडी ठेवून तिला खोलीचं तापमान घेऊ द्यायचं. मग उकळतं पाणी भरायचं आणि ते ९५ अंशांवर आलं की झाकण लावायचं. सहा तास हात लावायचा नाही. मग उघडून, पाणी ढवळून तापमान बघायचं. आपल्या तीन बाटल्यांत समजा ६६, ६४ आणि ६५ अंश आले, तर पानावर ६४ लिहावं. सरासरी लिहिली तर कुणातरी ग्राहकाला तिच्याहून थंड बाटली मिळणारच.

खोलीचं तापमान पानावर लिहिणं का गरजेचं आहे, ते नागपूरच्या मे महिन्यातल्या वाचकाला सांगायला नको. चाळीस अंशांच्या खोलीत तीच बाटली सहा तासांनी बरंच जास्त तापमान दाखवेल, आणि हिवाळ्यातल्या गार खोलीत कमी. अर्धी भरलेली बाटलीही लवकर निवते. चाचणी चालू असताना बाहेरून हात लावला आणि पहिल्या दहा मिनिटांतच बाटली कोमट लागली, तर मधली निर्वात जागा फुटलेली आहे. ती बाटली चाचणीतून बाजूला काढायची, पण तिची नोंद ठेवायची. तीनांतली एक अशी निघाली तर मजकूर लिहायचं थांबवून आधी कारखान्याशी बोलायला हवं.

इथे भाषांतराचा एक नेमका सापळा आहे. अमेरिकी ग्राहकासाठी अंश फॅरनहाइटमध्ये द्यावे लागतात. ९५ सेल्सियसचे २०३, ६४ चे १४७ आणि २० चे ६८ होतात. पण 'पाच अंश इकडेतिकडे' याचं रूपांतर आकडे बदलून देणाऱ्या साधनात टाकलं तर उत्तर ४१ येतं, कारण ते साधन पाच अंश तापमानाचं उत्तर देतं. आपल्याला हवा असतो पाच अंशांचा फरक, आणि तो होतो नऊ. खोली ६८ अंश आणि ४१ इकडेतिकडे असं छापून आलं तर वाचणाऱ्याला ती चाचणी बर्फात केली की भट्टीत, हेच कळणार नाही.

हे सगळं एका कागदावर उतरतं. चिनी आणि इंग्रजी दोन्ही पानं याच कागदावरून लिहायची. एका पानावरून दुसरं लिहायचं नाही. आपल्या बाटलीचा कागद असा होईल:

```
容量 Capacity: 500 ml (16.9 US fl oz)
盖上杯盖 With lid closed: 470 ml (15.9 US fl oz)
内胆 Interior: 316 (06Cr17Ni12Mo2)
外壳 Exterior: 304 (06Cr19Ni10)
杯盖 Lid: PP   密封圈 Seal ring: silicone
尺寸 Size: 6.6 × 24.5 cm (2.6 × 9.6 in)
净重 Net weight: 285 g (10.1 oz)
保温 Heat: 95 °C → 64 °C, 6 h, room 20 °C
```

या कागदावरचे शब्द एकदा ठरले की पुढे बदलायचे नाहीत. आतल्या भिंतीला एका ठिकाणी 'इंटीरियर', दुसरीकडे 'लायनर' आणि तिसरीकडे 'इनर टँक' म्हटलं तर ग्राहकाला ते तीन वेगळे भाग वाटतात. रंगांचंही तसंच. गडद निळ्यासाठी चिनीत जो शब्द आहे, त्याचं पहिलं अक्षर तिबेटसाठीही वापरतात, म्हणून यंत्रानं केलेल्या पानांवर 'तिबेटी निळा' असा रंग विकायला असतो. रंगांच्या नावांची छोटी यादी हातानं करून ठेवावी आणि प्रत्येक रंगाला मालाचा क्रमांक जोडावा. मग निळ्याऐवजी काळी बाटली खोक्यात जाणं टळतं. हाँगकाँग किंवा तैवानसाठी पान करायचं असेल तर पारंपरिक अक्षरं लागतात. नुसती अक्षरं बदलून भागत नाही, तिकडे वस्तूंची नावंही काही वेळा वेगळी असतात, तेव्हा ते पान तिकडच्या माणसाला एकदा वाचायला द्यावं.

आता शीर्षक. चिनी शीर्षक नव्यानं असं बांधता येईल:

```
316不锈钢内胆真空保温杯500ml弹盖直饮便携车载水杯男女士
```

यात चोपन्न घरं भरली आहेत. '३१६' च्या लगेच पुढे 'आतली भिंत' हा शब्द आला आहे, त्यामुळे दावा तेवढ्यापुरताच राहतो. 'मोठी धारणा' काढून ५०० मिली घातलं. 'गाडीतला' हा शब्द ठेवला, कारण बुडाचा व्यास ६.६ सेंटिमीटर आहे आणि बाटली गाडीतल्या नेहमीच्या कपहोल्डरमध्ये बसते. 'पाण्याचा पेला' वस्तूच्या नावाशी थोडा दुहेरी होतो, पण चिनी ग्राहक तो शब्द टाइप करतो, म्हणून राहू दिला. 'नवीन' गेलं, कारण पुढच्या वर्षी ते खोटं ठरेल. 'देखणा' हे फोटो सांगतो. 'मागणीप्रमाणे बनवून मिळेल' ही घाऊक विक्रीची गोष्ट, एक बाटली घेणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

चिनी पानावर 'सर्वोत्तम' किंवा 'राष्ट्रीय दर्जाचा' अशा अर्थाचे शब्द घालण्याचा मोह होतो. चीनच्या जाहिरात कायद्याचं नववं कलम अशा शब्दांना मनाई करतं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन लाख ते दहा लाख युआन दंड आहे. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या ई-कॉमर्स कायद्यानं विक्रेत्यानं मालाची माहिती पूर्ण, खरी, अचूक आणि वेळेवर द्यावी असंही बंधन घातलं. म्हणजे वरचा कागद करणं हे नुसतं नीटनेटकेपणाचं काम राहिलेलं नाही.

इंग्रजी शीर्षकाची गंमत वेगळी. तिथे शब्दांमध्ये मोकळी जागा असते, वाचणारा डावीकडून सुरू करतो, आणि मोबाइलवर सुरुवातीचा तुकडाच दिसतो. म्हणून वस्तू काय आहे हे सुरुवातीलाच कळलं पाहिजे, मग धारणा, मग धातू, मग झाकण, शेवटी रंग:

```
Stainless Steel Vacuum Insulated Water Bottle, 500 ml (17 oz),
316 Steel Interior, One-Touch Flip Lid, Matte Black
```

ही ११४ अक्षरं झाली, मोकळ्या जागा धरून. अ‍ॅमेझॉनवर बहुतेक वस्तूंना २०० अक्षरांची मर्यादा आहे, आणि जानेवारी २०२५ पासून एकच शब्द शीर्षकात दोनपेक्षा जास्त वेळा चालत नाही. आपल्या शीर्षकात 'स्टील' बरोबर दोनदा आलं आहे. मर्यादा दोनशेची आहे म्हणून दोनशे भरायची गरज नाही. 'गळत नाही' असं लिहायची इच्छा होईल, पण बाटली भरून, उलटी करून, हलवून पाहिलेली नसेल तर तो शब्द लिहू नये. पुरुष, बायका आणि विद्यार्थी इंग्रजी शीर्षकात मुद्दाम नाहीत. चिनी शोधात ते शब्द कामाला येतात, इंग्रजीत ते जागा खातात आणि वाचणाऱ्याला काही सांगत नाहीत. दोन्ही शीर्षकं एकमेकांची भाषांतरं नाहीत, तरी दोघांत मिळून धारणेचा किंवा धातूचा एकही असा दावा नाही जो कागदावर सापडणार नाही. तपासताना एवढं एकच बघायचं.

शीर्षकानंतर बाजाराचे ठरावीक रकाने येतात: धातू, धारणा, रंग, झाकणाचा प्रकार. बरेच जण ते घाईत भरतात, पण ग्राहक डाव्या बाजूच्या चाळणीतून '५०० मिली' निवडतो तेव्हा यादी याच रकान्यांवरून बनते. शीर्षकात ३१६ आणि रकान्यात ३०४ असेल तर ग्राहक नेमकं त्याचंच छायाचित्र काढून पैसे परत मागतो. रकान्यात एकच धातू निवडायची सोय असेल तर आतला धातू निवडावा आणि बाहेरचा वर्णनात लिहावा.

सगळ्यात शेवटी लक्षात येतो तो फोटोंवरचा मजकूर. चिनी विक्रेते मापं, धातू आणि तापमानाचे आकडे फोटोवरच मोठ्या अक्षरांत छापतात. तो मजकूर फोटोचाच भाग असतो, म्हणून पान दुरुस्त करताना तो तसाच राहून जातो. इंग्रजी पानावर चिनी अक्षरांतला 'चोवीस तास' आणि खाली इंग्रजीत 'सहा तास ६४ अंश' असा प्रकार त्यातूनच होतो, आणि चिनी वाचता येणारे ग्राहक सिंगापूर-मलेशियात भरपूर आहेत. मोजमापांचा फोटो दोन्ही भाषांसाठी वेगवेगळा करावा किंवा त्यावर नुसते आकडे आणि बाण ठेवावेत. मिली, सेंटिमीटर आणि ग्रॅम दोन्हीकडे वाचता येतात.

मुंबई-पुण्याहून यिवूला जाऊन माल आणणारे आपले व्यापारी हेच थर्मास भारतात विकतात, आणि त्यांच्या पानाला आणखी काही ओळी लागतात. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांनुसार आयात मालाच्या पानावर मूळ देशाचं नाव द्यावं लागतं. स्टीलच्या निर्वात बाटल्यांसाठी भारतीय मानक आहे, IS 17526, आणि २०२३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानं ते सक्तीचं केलं आहे. चिनी मानकाचा क्रमांक कितीही ठळक छापला तरी तो आयएसआय चिन्हाची जागा घेत नाही. म्हणून चिनी कागदावरून भारतासाठी पान करताना मानकाची ओळ भाषांतरित करायची नसते, ती बदलायची असते.

आणि कागदावर तारीख हवी. कारखाना सांगून किंवा न सांगता झाकणाचा साचा बदलतो, बाहेरचा ३०४ चा पत्रा महाग झाला की २०१ वर येतो. झाकण बदललं की ४७० चे ४५५ होतात आणि सहा तासांचे ६४ अंश ६० वर उतरतात. नवा माल आला की पुन्हा तीन खोक्यांतून तीन बाटल्या काढायच्या, पुन्हा काट्यावर ठेवायच्या. आकडा बदलला असेल तर आधी कागद दुरुस्त करायचा, मग चिनी पान, मग इंग्रजी पान, आणि त्याच दिवशी फोटोंवरचे आकडे.